“सध्या” हा शब्द काढून टाका: थोड्या दिवसांचं नातं थांबवणारा मेसेज कसा लिहायचा

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इयरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे मी भरकटले तिथे थोडी कात्री लावली आहे, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजमुळे निघाला. तिच्या परवानगीने सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. ती मूळची सांगलीची, नोकरी पुण्यात. एका डेटिंग अ‍ॅपवर तिला एक मुलगा भेटला. सात आठवडे, सहा भेटी. दोनदा चहा, एकदा सिनेमा, दोनदा जेवण आणि एकदा रविवारी सिंहगड, पिठलं-भाकरीसकट. मुलगा चांगला. वेळेवर येतो, नीट बोलतो, घरी पोचलीस का विचारतो. आणि तरी त्याचा मेसेज आला की हिला उत्तर उद्यावर ढकलावंसं वाटतं. तिने मला लिहिलं, “ताई, भांडण झालं असतं तर सोपं होतं. त्याने काहीच केलेलं नाही, मग मी नाही कशी म्हणू?”

आपण आज फक्त एवढंच बघणार आहोत. लग्न मोडणं, चार वर्षांचं नातं संपवणं हे वेगळे विषय. काही आठवड्यांचं, अजून नाव न दिलेलं नातं, समोरचा चांगला आहे, आणि तुम्हाला थांबायचंय. त्याला काय लिहायचं?

आधी हे इतकं अवघड का जातं ते बघू. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमावर एक शोधनिबंध लिहिला होता. त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांकडून अनुभव लिहून घेतले, ज्यांना नकार मिळाला त्यांचे आणि ज्यांनी नकार दिला त्यांचेही. नकार देणाऱ्यांच्या लिखाणात अपराधीपणा तर होताच, पण आणखी एक गोष्ट दिसली: आपण नेमकं काय बोलायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. मागे लागणाऱ्याला काय करायचं हे शंभर सिनेमांनी शिकवलंय. पावसात उभं राहा, गाणं म्हणा, एअरपोर्टवर पळत जा. नाही म्हणणाऱ्यासाठी मात्र पटकथाच लिहिलेली नाही.

आपल्याकडे घराघरांत एक पटकथा आहे म्हणा. “पत्रिका जुळत नाही.” मुलगी बघायला आलेल्या घराकडून चार दिवसांनी हा निरोप आला की दोन्ही बाजूंना अर्थ कळतो. दोष ग्रहांचा, माणसांचा अपमान नाही, विषय संपला. मला हा प्रकार पूर्वी खोटारडेपणाचा वाटायचा, आता वाटत नाही, कारण त्यात कोणी फसत नाही. सांकेतिक भाषा दोघांनाही येते. डेटिंगमध्ये अशी ठरलेली भाषा अजून तयार झालेली नाही. तिथे तुम्ही “ऑफिसमध्ये खूप लोड आहे” म्हणालात, तर समोरचा माणूस ते जसंच्या तसं खरं धरतो आणि लोड कमी व्हायची वाट बघतो.

आता आपल्या श्रोतीचा पहिला मसुदा वाचते:

“हाय, जेवलास का? अरे जरा बोलायचं होतं. सध्या ना ऑफिसमध्ये खूपच लोड आहे आणि घरी पण टेन्शन चाललंय. तू खूप छान आहेस, तुझ्यात काहीच कमी नाही, मीच जरा कन्फ्यूज आहे. कदाचित आपण थोडं स्लो जाऊया का? तू समजून घेशील ना? फ्रेंड्स तर आपण राहूच. सॉरी यार.”

गोड आहे ना? आता हा मेसेज त्याच्या जागी बसून वाचा. “सध्या” म्हणजे पुढे बदलेल. “कदाचित” म्हणजे अजून ठरलेलं नाही. “थोडं स्लो” म्हणजे चालू तर आहे, फक्त वेग कमी. आणि शेवटी दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे निर्णय त्याच्याकडे सोपवलाय. या मेसेजला कुठल्याही भल्या मुलाचं उत्तर एकच असेल: “अगं काहीच प्रॉब्लेम नाही, तू तुझा वेळ घे, मी आहे.” आता काय करणार? तीन आठवड्यांनी पुन्हा हेच लिहावं लागेल, आणि तेव्हा तो विचारेल, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्याचं बरोबरच असेल.

तर मसुद्यावरची पहिली कात्री या शब्दांवर चालवायची. सध्या, कदाचित, थोडं, बघू, नंतर. हे शब्द आपण दिवसभर वापरतो, कारण मराठीत थेट “नाही” म्हणणं उद्धट वाटतं. भाजीवाल्याला नाही म्हणायचं तरी आपण “बघते, येताना घेते” म्हणतो. भाजीवाला समजून घेतो. सात आठवडे तुमच्यात गुंतलेला माणूस ते समजून घेऊ शकत नाही, कारण त्याला उलटा अर्थच हवा असतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे. घाबरू नका, शाळेसारखं नाही. आपण मराठीत मनातलं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा “मला”ने सुरुवात करतो. मला आवडतं, मला वाटतं, मला जमत नाहीये. या वाक्यांत गोष्ट आपल्या बाबतीत घडते, आपण ती करत नाही. भावना सांगायला हे अगदी बरोबर आहे, कारण ओढ वाटणं किंवा न वाटणं आपल्या हातात नसतंच. पण निर्णयही “मला”ने सांगितला की घोटाळा होतो. “मला हे जमत नाहीये” हे पाठदुखीसारखं ऐकू येतं, म्हणजे आज जमत नाही, उपाय केला तर उद्या जमेल. मग समोरचा उपाय सुचवतो. निर्णय “मी”ने लिहायचा: “मी हे थांबवायचं ठरवलंय.” लिहिताना बोट अडखळतं, मान्य. पण एका वाक्यात शंका संपते.

आणि “आपलं जमणार नाही” हेही टाळा. “आपलं”मध्ये तुम्ही त्यालाही निर्णयात ओढलं. तो म्हणेल, “माझं तर मस्त जमतंय की.” आता वाद सुरू.

हे सगळं सांगितल्यावर आपल्या श्रोतीने दुसरा मसुदा पाठवला. लंबक पार दुसऱ्या टोकाला:

“हे बघ, मला तुझ्यात इंटरेस्ट नाही. तू सतत स्वतःबद्दल बोलतोस, सिंहगडावर तीन तास तुझ्या बॉसचंच पुराण चाललं होतं. माझ्या मैत्रिणींनाही वाटतं की आपण मॅच नाही. प्लीज आता मेसेज करू नकोस.”

स्पष्ट आहे. खरंही आहे, तिच्या मते तरी. मग यात खटकतं काय?

मैत्रिणींचं आधी घेऊ, कारण ते चटकन सुटतं. त्या वाक्याने त्याला कळतं की आपल्या पाठीमागे एक बैठक झाली आणि त्यात आपण नापास झालो. त्याच्या हातात त्याने काहीच पडत नाही, फक्त लाज वाटते. खोडा.

बॉसच्या पुराणाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. मी तिला एकच प्रश्न विचारला: तो उद्यापासून कमी बोलायला लागला, तर तू थांबशील? तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “नाही, तरीही नाही.” मग ते कारण नाहीच. खरं कारण हे की तिला ओढ वाटत नाही, आणि ओढ वाटत नसल्यामुळे बॉसचं पुराण लांबलचक वाटलं. ज्याच्याकडे आपण ओढले जातो त्याच्या बॉसच्या गोष्टीही आपण डोळे मोठे करून ऐकतो, अनुभव असेलच.

ही कसोटी प्रत्येक कारणाला लावून बघा. “हे बदललं तर मी राहीन का?” उत्तर नाही असेल, तर ते कारण मेसेजमध्ये घालू नका. घातलंत तर दोन गोष्टी होतील. एक, तो लगेच बदलायची तयारी दाखवेल आणि तुम्हाला नवं कारण शोधावं लागेल. दोन, पुढची काही वर्षं तो प्रत्येक मुलीसमोर “मी जास्त बोलतोय का” म्हणून धास्तावून बसेल, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. प्रामाणिक राहायचं म्हणजे मनात आलेली प्रत्येक टीका पाठवायची असं नाही. जे खरं कारण आहे ते एक, आणि तेवढंच.

उलट, उत्तर “हो, राहीन” असं आलं, तर तुमचा विषय ब्रेकअपचा नाहीच. मग तुम्हाला एक वेगळं बोलणं करायचंय, ते करा.

आता तिसरा मसुदा. हा शेवटी पाठवला गेला:

“हाय. मेसेज जरा मोठा आहे, निवांत असशील तेव्हा वाच. गेले सात आठवडे आपण भेटतोय. सिंहगडाचा रविवार मला खरंच आवडला. माझ्या बुटाचा सोल निघाला तेव्हा न चिडता, न हसता तू तो दोरीने बांधून दिलास, ते माझ्या लक्षात राहील.

पण मी हे पुढे न्यायचं नाही असं ठरवलंय. जोडीदाराबद्दल जी ओढ वाटायला हवी ती मला वाटत नाही, आणि आणखी भेटून ती येईल असंही वाटत नाही. तू मनापासून यात होतास हे मला दिसत होतं, म्हणून लांबवणं बरोबर वाटलं नाही. वाचून तुला वाईट वाटेल, त्याबद्दल सॉरी.

काही विचारायचं असेल तर विचार, मी उत्तर देईन, पण निर्णय हाच राहील. तुझं पुस्तक माझ्याकडे आहे, ते या आठवड्यात कुरिअर करते.”

बघा, यात “तू खूप छान आहेस” हे वाक्य नाही. ते मी काढायला लावलं. “तू छान आहेस” हे कोणालाही म्हणता येतं, आणि नकाराच्या आधी आलं की पुढे “पण” येणार हे सगळ्यांना पाठ आहे. बुटाच्या सोलची आठवण मात्र फक्त त्यालाच सांगता येते. अशी एकच आठवण घ्या. पाच घेतल्यात तर ते प्रेमपत्र होईल आणि तो विचारेल, इतकं सगळं छान होतं तर मग प्रॉब्लेम काय?

“तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल” हेही नाही. ते तुम्हाला माहीत नाही, आणि त्याला आज ऐकायचंही नाही. “फ्रेंड्स राहू” काढलं, कारण ते या मेसेजमध्ये उत्तेजनार्थ बक्षिसासारखं वाटतं. मैत्री व्हायचीच असेल तर सहा महिन्यांनी होईल, तेव्हा त्यालाही ती हवी आहे का ते कळेल. आणि सॉरी एकदाच. पाच वेळा सॉरी म्हटलं की तोच तुम्हाला “इट्स ओके” म्हणत समजावायला लागतो, म्हणजे जखम त्याला आणि मलम तुम्हाला.

थोडं फोनबद्दल. मसुदा चॅटच्या चौकटीत लिहू नका, नोट्समध्ये लिहा. नाहीतर समोर वीस मिनिटं “टायपिंग” दिसत राहतं आणि तो तिकडे श्वास रोखून बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण बदलल्याची खूण दिसते. डिलीट केला तरी “मेसेज डिलीट केला” हे राहतंच, आणि तेवढं वाचून माणसाची झोप उडते. त्यामुळे पूर्ण तयार झाल्यावरच पाठवा, आणि एकाच मेसेजमध्ये. “बोलायचंय” एवढंच पाठवून अर्ध्या तासाने बाकीचं पाठवणं ही विनाकारण शिक्षा आहे.

पहिली ओळ साधी ठेवायचं कारणही फोनच आहे. लॉक स्क्रीनवर मेसेजची सुरुवात दिसते. तो मीटिंगमध्ये असेल, फोन टेबलावर असेल किंवा शेजारी आई बसलेली असेल, तर “मी हे पुढे न्यायचं नाही असं ठरवलंय” हे सगळ्यांनी वाचायची गरज नाही.

वेळ? रात्री साडेअकराला नको, सकाळी ऑफिसला निघताना नको, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तर नकोच. आपल्या श्रोतीला माहीत होतं की तो साडेसातपर्यंत घरी पोचतो आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे. तिने आठला पाठवला, आणि पुढचा तासभर फोन जवळ ठेवला. व्हॉइस नोट का नाही, असं तुमच्यापैकी काही जण विचारतील. माझं मत: अशा वेळी आवाज कापरा होतो, आणि ऐकणारा शब्दांऐवजी त्या कापऱ्या आवाजात आशा शोधतो. भाषा मात्र तुमची नेहमीचीच ठेवा. रोज रोमन लिपीत “काय करतेयस” लिहिणाऱ्यांनी एकदम शुद्ध देवनागरीत लिहिलं तर ते बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं.

मेसेज पुरतो का? माझं मत सांगते, तुमचं वेगळं असू शकतं. काही आठवडे, मोजक्या भेटी, एकमेकांना शब्द दिलेला नाही, तर पुरतो, आणि काहींना तो बराही वाटतो, कारण समोर कोणी नसताना रडता येतं. पण प्रेम आहे असं बोलून झालं असेल, शारीरिक जवळीक झाली असेल किंवा घरच्यांना माहीत असेल, तर किमान फोन करा.

याला एक अपवाद आहे. समोरच्याने तुम्हाला घाबरवलं असेल, धमकावलं असेल, पाठलाग केला असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे आठवणी नको, कारण नको, “विचार” नको. दोन ओळी: “मला हे नातं नको आहे. यापुढे मला संपर्क करू नकोस.” स्क्रीनशॉट ठेवा आणि एका जवळच्या माणसाला सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीने नाराजी स्पष्टपणे दाखवल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा गाठणं किंवा संपर्क करणं हा गुन्हा आहे. “सध्या जरा बिझी आहे” हे स्पष्ट नाही. या दोन ओळी स्पष्ट आहेत. तातडीची मदत लागली तर ११२, आणि महिलांसाठी १८१.

आता आपल्या श्रोतीकडे परत येऊ, कारण पाठवल्यानंतरचा भाग कोणी सांगतच नाही. चाळीस मिनिटांनी त्याचं उत्तर आलं: “ओके. धक्का बसला थोडा. मला वाटत होतं सगळं छान चाललंय. माझं काही चुकलं का?”

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. दया येते आणि हात आपोआप टाइप करतो, “अरे नाही रे, कदाचित माझंच चुकत असेल, बघू ना आपण.” गेलं सगळं पाण्यात. तिने लिहिलं: “नाही, तुझं चुकलं म्हणून नाही. मला ती ओढ वाटली नाही, एवढंच कारण आहे.” मेसेजमधलं तेच कारण, जवळपास त्याच शब्दांत. नवं कारण दिलं असतं तर आधीचं खोटं ठरलं असतं.

मग त्याने विचारलं, “एकदा भेटून बोलूया?” तिला जावंसं वाटलं. मी तिला विचारलं, भेटून तू वेगळं काय सांगणार आहेस? काहीच नाही. मग तो दोन तासांचा प्रवास करून तेच उत्तर ऐकायला येणार. तिने लिहिलं: “नको. भेटलो तरी माझं उत्तर हेच असेल.” यावर त्याचं काही आलं नाही, फक्त निळ्या टिका. आणि तिनेही पुढे काही लिहिलं नाही. ते न लिहिणं तिला सगळ्यात जड गेलं, असं ती म्हणाली. रात्रभर “ठीक आहेस ना?” विचारावंसं वाटत होतं. पण तो ठीक नसेल तर त्याला आधार देणारी व्यक्ती आता ती असू शकत नाही. त्याला मित्र आहेत.

पाच दिवसांनी त्याने एक मीम पाठवलं, मजकूर काही नाही. तिने उत्तर दिलं नाही. ब्लॉकही केलं नाही, कारण तो त्रास देत नव्हता, फक्त दार हलतंय का बघत होता. चॅट अर्काइव्ह केलं आणि इन्स्टाग्रामवर त्याच्या स्टोऱ्या म्यूट केल्या. तुम्ही स्टोरी बघितलीत की तिकडे तुमचं नाव दिसतं, आणि त्या नावावरून माणूस पुन्हा तीन दिवस अर्थ काढत बसतो.

दहाव्या दिवशी कुरिअर पोचलं. त्याचा मेसेज आला, “पुस्तक मिळालं. थँक्स.” तिने अंगठ्याचा इमोजी पाठवला.